साइनचा ग्राफ आणि खालच्या अक्षावरचा तो ३.१४ : कुणी उलगडून सांगेल का?

अंकलिपी
मुलगी यंदा अकरावी सायन्सला. माझं स्वतःचं शिक्षण कॉमर्सचं, दहावीनंतर गणिताशी संबंध फक्त हिशेबापुरता. काल ती वही घेऊन आली. साइनचा ग्राफ काढायचा होता. तिने कंपासने एक अर्धवर्तुळ वर, एक खाली, पुन्हा एक वर असे सुबक काढले होते. सरांनी लाल रेघ मारून लिहिलंय, "असा नसतो."

मग कसा असतो? पुस्तकात पाहिलं तर उभ्या अक्षावर १ आणि वजा १, आणि आडव्या अक्षावर π/२, π, २π. आता उभ्या बाजूला साधे आकडे आणि आडव्या बाजूला हे π कुठून आलं? दहावीत ९० अंश, १८० अंश होते ते काय वाईट होते? आणि काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचं गुणोत्तर अचानक लाटेसारखं वरखाली का व्हायला लागलं? मुलगी म्हणते, "आई, पाठ करते, सोड." मला सोडवत नाहीये.

टवाळ
कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर गेला असेल. MODE दाबा, डिग्री निवडा, चहा घ्या.

अंकलिपी
कॅल्क्युलेटर कुठे आला यात? बोर्डात लागत नाही आणि ग्राफ हातानेच काढायचाय.

सरळरेषा
ताई, उगाच मोठा बाऊ करू नका. रेडियन हे फक्त एकक आहे. मैल आणि किलोमीटर असतात ना, तसंच. अंशांना π ने गुणा, १८० ने भागा, झालं. ग्राफ तोच राहतो, फक्त खालची लेबलं बदलतात. आम्ही इंजिनिअरिंगची चार वर्षं याच्यावर काढली.

खडू-फळा
सरळरेषा यांचं अर्धं बरोबर आहे, उरलेल्या अर्ध्यातच मुलीची लाल रेघ आहे. एकतीस वर्षं शिकवलंय, दर वर्षी किमान पाच मुलं अशीच अर्धवर्तुळं काढायची. सवडीने लिहितो.

अंकलिपी ताई, घरात डब्याचं एखादं गोल झाकण शोधा, मध्यापासून कडेपर्यंत ३ सेंटिमीटर भरेल असं. नसेल तर पुठ्ठ्याचं कापा. आता ३ सेंटिमीटरचा दोरा कापा, म्हणजे त्रिज्येएवढाच. तो दोरा झाकणाच्या कडेवर, वळणाला चिकटवून ठेवा. दोऱ्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेघा ओढल्या की जो कोन होतो तो एक रेडियन. असे दोरे एकापुढे एक ठेवत गेलात तर पूर्ण कडेवर सहा बसतील आणि वर साडेआठ मिलिमीटरची फट उरेल. हे सहा आणि थोडं म्हणजेच २π, ६.२८. झाकण परातीएवढं घेतलंत आणि दोरा परातीच्या त्रिज्येएवढा, तरी सहा आणि तेवढंच थोडं. अर्ध्या फेरीला तीन आणि थोडं. तो तुमचा ३.१४. तो कुणी आडव्या अक्षावर आणून ठेवलेला नाही, झाकणाच्या कडेवरच होता.

आता ग्राफ. झाकण भिंतीवर चिकटवलंय असं समजा. घड्याळात ३ वाजण्याची जागा असते तिथे कडेवर एक मुंगी बसली आहे. ती घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे वरच्या बाजूला चालायला लागते. आपल्याला दोनच गोष्टी टिपायच्या आहेत. मुंगी कडेवरून किती चालली ते आडवं मांडायचं, आणि त्या क्षणी ती मध्यरेषेपासून किती उंचीवर आहे ते उभं मांडायचं. एवढंच. साइनचा ग्राफ म्हणजे या मुंगीचा जमाखर्च.

मुंगी माथ्यावर पोचते तेव्हा ती ४.७ सेंटिमीटर चाललेली असते आणि उंची असते ३. पुन्हा मध्यरेषेवर, ९ च्या जागी येते तेव्हा ९.४ चाललेली असते आणि उंची शून्य. म्हणजे लाटेचा एक उंचवटा ९.४ सेंटिमीटर रुंद आणि ३ उंच. मुलीने काढलेलं अर्धवर्तुळ ३ उंच असेल तर ते फक्त ६ रुंद असणार. वर्तुळाची कड वाकडी असते, ती सरळ करून अक्षावर अंथरली की लांब होते. ६ चे ९.४ झाले ते त्यामुळे.

अंकलिपी
मास्तर, पहिल्यांदा काहीतरी दिसलं! दंडवत. पण मग त्रिकोण कुठे गेला?

खडू-फळा
झाकणातच आहे. मुंगीपासून मध्यरेषेवर सरळ खाली रेघ टाका आणि मुंगी ते मध्य अशी दुसरी. काटकोन त्रिकोण तयार. कर्ण म्हणजे त्रिज्या. समोरची बाजू भागिले कर्ण हे दहावीचं साइन. त्रिज्येलाच १ म्हटलं की भागायचं कामच उरत नाही, उंची म्हणजेच साइन. आणि रेघ मध्यरेषेला जिथे टेकली तिथून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे कोसाइन. मुंगी माथ्याच्या पलीकडे गेली की नव्वद अंशांचा त्रिकोण संपतो, पण उंची काही संपत नाही. ती खाली उतरली की उंची वजा. लाट तिथून येते.

सरळरेषा
सगळं मान्य, पण माझा मुद्दा तसाच आहे. मुंगी किती अंश फिरली ते लिहा आडव्या अक्षावर. ०, ३०, ६०, ९०. उंची तीच येणार ना? शून्य, अर्धा, ०.८७, एक. मग दोऱ्याचा खटाटोप कशाला?

खडू-फळा
उंची तीच येणार, शंभर टक्के. आता मला सांगा, कागदावर ० आणि ३० यांच्यात अंतर किती ठेवाल?

सरळरेषा
ठेवू की सोयीने. एक सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर.

खडू-फळा
तेच "सोयीने". उभ्या अक्षावर १ म्हणजे एक सेंटिमीटर धरलं आणि आडव्या अक्षावर एक अंश म्हणजेही एक सेंटिमीटर धरलं, तर एक लाट ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब आणि मध्यापासून जेमतेम एक सेंटिमीटर उंच होईल. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जवळजवळ सपाट रेघ. म्हणून आपण आडवा अक्ष दाबतो. किती दाबायचा हे अंश सांगत नाहीत, कारण ३६० हा आकडा झाकणावर कुठेच नाही, तो माणसांनी ठरवलेला आहे. मग मुलं डोळ्याला बरं दिसेल तेवढं दाबतात, आणि डोळ्याला अर्धवर्तुळ बरं दिसतं.

दोऱ्याने मोजलं की हा प्रश्नच उरत नाही. आडवं अंतर दोऱ्यांत आणि उंचीही दोऱ्यांतच. दोन्हीकडे एकच माप, म्हणून लाटेला एकच खरा आकार.

चकली_पोस्ट
माझ्या क्लासमध्ये सांगितलं होतं की π = १८०. मी अजून तेच धरून चाललोय.

खडू-फळा
हे वाक्य ऐकलं की माझा खडू मोडायचा. π रेडियन म्हणजे १८० अंश. नुसता π म्हणजे ३.१४ आणि काही, दुसरं काही नाही. शंभर पैसे म्हणजे एक रुपया, म्हणून शंभर म्हणजे एक असं कुणी म्हणत नाही.

रात्रपाळी
वर कुणीतरी कॅल्क्युलेटरची चेष्टा केली, पण माझे यात दोन दिवस गेले आहेत. एका कामासाठी शीटमध्ये हे टाकलं होतं:

```
=SIN(30)
```

उत्तर आलं वजा ०.९८८. मला अर्धा हवा होता. वाटलं फाइल बिघडली, नवी केली, तेच. शेवटी कुणीतरी सांगितलं की शीटला अंश कळत नाहीत, असं लिहावं लागतं:

```
=SIN(RADIANS(30))
```

मग ०.५ आलं. पण वजा ०.९८८ कुठून येत होता हे आजतागायत कळलेलं नाही.

खडू-फळा
मुंगीला विचारा. तुम्ही तिला तीस अंश नाही, तीस दोरे चालायला लावलंत. एका फेरीला ६.२८ दोरे, म्हणजे चार फेऱ्यांना २५.१३. उरले ४.८७. तळाची जागा ४.७१ दोऱ्यांवर असते. म्हणजे बिचारी पाचव्या फेरीत तळ ओलांडून जरासं पुढे येऊन थांबली. तिथली उंची वजा एकच्या अगदी जवळ असणार.

रात्रपाळी
अरे! म्हणजे शीट बरोबरच होती. माझे दोन दिवस परत द्या.

टवाळ
मुंगीला चार फेऱ्या जास्त घातल्या त्याचा ओव्हरटाइम आधी द्या.

अंकलिपी
झाकण नाही मिळालं, पुठ्ठ्याचं कापलं. ग्राफपेपरवर मुलगी आणि मी दोघी बसलो. कडेचे बारा सारखे भाग केले. दर भागाला मुंगी १.५७ सेंटिमीटर चालते. उंच्या पट्टीने मोजल्या: १.५, मग २.६, मग ३. मग तशाच उतरत्या. लाट आली! अर्धवर्तुळासारखी अजिबात दिसत नाही. पण एक शंका. पहिल्या भागात दीड सेंटिमीटर चढ, दुसऱ्यात १.१, तिसऱ्यात फक्त ०.४. चाल सारखीच असून चढ असा कमी का होत जातो?

खडू-फळा
ताई, तुम्ही ज्या गोष्टीला शंका म्हणताय तिला पुढे तुमची मुलगी डेरिव्हेटिव्ह म्हणणार आहे.

३ च्या जागी कड कशी आहे पाहा. तिथे ती सरळ उभी आहे. म्हणून मुंगी सुरुवातीला जेवढी चालते जवळजवळ तेवढीच चढते. १.५७ चाललात, दीड चढलात. माथ्यावर कड आडवी आहे, तिथे मुंगी चालते पण चढत नाही. मधे कुठेतरी मधलं. त्यामुळे ग्राफ शून्यापाशी निघतो तो बरोबर ४५ अंशांत निघतो. अर्धवर्तुळ मात्र कागदावरून थेट उभं निघतं. मुलीचं चित्र चुकलंय हे ओळखायला रुंदी मोजायचीही गरज नाही, सुरुवातीचा चढ पाहिला तरी पुरे.

आणि एखाद्या जागी चढ किती हे सांगतं कोण? तर मुंगीचं आडवं अंतर, म्हणजेच कोसाइन. सुरुवातीला कोसाइन १, चढ १. माथ्यावर कोसाइन ०, चढ ०. हा हिशेब आडवं माप दोऱ्यात असेल तरच इतका सोपा राहतो. अंशात मोजलंत तर सुरुवातीचा चढ ०.०१७४५ येतो आणि तो आकडा पुढे प्रत्येक सूत्राला गोचिडासारखा चिकटतो.

सरळरेषा
हा शेवटचा परिच्छेद मला चार वर्षांत कुणी असा सांगितला नव्हता. लेबलंच बदलतात हे माझं विधान मागे. अर्धं मागे.

खाडीकाठ
गणितातलं मला कळत नाही, पण हा १.५, १.१, ०.४ चा खेळ आमच्याकडे पाण्यात रोज दिसतो. ओहोटी संपून पाणी भरायला लागलं की पहिला तास काहीच हललं नाही असं वाटतं. मधल्या दोन तासांत होडीचा दोर बघता बघता ताणला जातो. शेवटच्या तासाला पुन्हा सुस्त. माझा एक मित्र जहाजावर होता, तो सांगायचा की सहा तासांना एकूण चढाचे बारा भाग कर आणि एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे वाट. साधारण बरोबर येतं. हे तेच का?

खडू-फळा
वा, खाडीकाठ! हे तेच. फक्त तुमची मुंगी तळापासून निघाली आहे आणि माथ्यापर्यंत अर्धी फेरी मारते. अर्ध्या फेरीचे सहा भाग केले तर चढ शंभरात साधारण ७, १८, २५, २५, १८, ७ असा वाटला जातो. बाराव्या भागांत तोच ८, १७, २५, २५, १७, ८. जहाजवाल्यांनी लक्षात ठेवायला सोपे आकडे केले, बाकी काही नाही.

खाडीकाठ
पण सहा तास नसतात बरं का. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत बारा तास आणि पंचवीसेक मिनिटं जातात. म्हणून भरतीची वेळ रोज पुढे सरकते. आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात. उधाणाला वेगळं, भांगाला वेगळं. खाडीत आत गेलं की तर मुळीच तुमच्या मुंगीसारखं चालत नाही.

खडू-फळा
खरंय. चंद्राची एक मुंगी, सूर्याची दुसरी, दोघींच्या फेऱ्या वेगळ्या वेळात, आणि पाणी दोघींच्या उंचीची बेरीज दाखवतं. खाडीचा तळ त्यात आणखी मोडतोड करतो. एका साइनने समुद्र भागत नाही.

जुनं_पान
इतका वेळ कुणीच म्हणालं नाही म्हणून मी म्हणतो. रेडियन आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच शोधला होता. साइन हा शब्दसुद्धा आपल्याच "ज्या"वरून.

टवाळ
आला. मी घड्याळ लावून बसलो होतो.

वळसा
टवाळ, थांबा, यात तथ्य आहे, फक्त जुनं_पान यांनी जरा जास्त ताणलं. आर्यभटाने रेडियन नावाचं कोनाचं एकक केलं नाही. पण त्याने केलं ते पाहण्यासारखं आहे. एका अंशाच्या साठ कला, म्हणून पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कला झाल्या २१,६००. कडेची लांबी २१,६०० धरली तर त्रिज्या किती? २π ने भागा, ३४३७.७५ येतं. म्हणून त्रिज्या ३४३८ धरली जायची. म्हणजे कड ज्या मापात मोजायची त्याच मापात त्रिज्याही मोजायची. मास्तरांचा दोरा हाच, फक्त तो ३४३८ बारीक तुकड्यांत कापलेला.

त्यामुळे गंमत अशी की त्याच्या कोष्टकात पाव वर्तुळाचे चोवीस भाग आहेत, एकेक भाग २२५ कलांचा. आणि पहिल्या भागाची "ज्या", म्हणजे मास्तरांच्या मुंगीची उंची, तीही २२५. जेवढं चाललं तेवढंच चढलं. अंकलिपी ताईंचा ४५ अंशांचा चढ तिथेच आहे.

रेडियन हा शब्द मात्र खूपच अलीकडचा. १८७३ साली बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत तो छापून आला. "ज्या"चं साइन झालं ती वेगळी गोष्ट: ज्या म्हणजेच जीवा, अरबीत ती जिबा झाली, पुढे कुणी ते जैब असं वाचलं, आणि लॅटिनमध्ये त्या जैबचं भाषांतर सायनस झालं.

जुनं_पान
म्हणजे मूळ कल्पना आपलीच.

वळसा
कोष्टक भारतातलं, वर्तुळाचे ३६० भाग बाबिलोनचे, शब्द आयरिश माणसाचा. वाटून घ्या.

दूरदेशी
मी फिजिक्स शिकवतो, मला एक खटकतंय. रेडियन हे एककच नाही. लांबी भागिले लांबी, नुसती संख्या. दोरे म्हणणं शिकवायला ठीक, पण पुढे मुलांचा घोळ होतो.

सरळरेषा
मग टॉर्क आणि ऊर्जा दोन्ही न्यूटन-मीटरच कसे? रेडियन नुसती संख्या मानल्यामुळेच तो घोळ आहे. त्याला एकक म्हणा, फरक लगेच दिसतो.

दूरदेशी
यावर आमच्या स्टाफरूममध्ये डबा खायचा राहतो. इथे नको.

पत्रेवाला
भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. धागा पहिल्यापासून वाचला आणि हसू आलं, कारण ही लाट आम्ही रोज पत्र्यावर काढतो. डक्टला नव्वदचा एल्बो करायचा तर दोन गोल नळ्या ४५ ला तिरक्या कापून जोडतात. पण पत्रा गोल केल्यावर नीट कापता येत नाही, म्हणून आधी सपाट पत्र्यावर काप आखायचा, मग पत्रा वळवायचा. आखताना नळीच्या घेराचे बारा भाग करायचे, प्रत्येक भागाची उंची बाजूच्या गोलाच्या चित्रावरून आडवी ओढून घ्यायची, ठिपके जोडायचे. लाटेसारखी रेघ येते. माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला साइन म्हणतात हे आज कळलं. नवीन पोरं अंदाजाने गोल गोल काढतात, आणि मग सांध्यात फट राहते. ताईंच्या मुलीसारखंच.

घरी करून बघायचं असेल तर जाड मेणबत्तीभोवती कागद घट्ट गुंडाळा, तिरकी कापा, कागद उलगडा.

वळसा
पत्रेवाला, सलाम. आणि ४५ चा काप असेल तर ती नुसती लाटेसारखी नाही, हुबेहूब तीच लाट. नळीची त्रिज्या हा दोरा धरा. घेरावर जेवढं चाललो ते आडवं, आणि ४५ च्या उतारामुळे काप तेवढाच वर चढतो जेवढे आपण नळीच्या मध्यापासून बाजूला आहोत. मुंगीची उंची आपोआप पत्र्यावर उतरते.

शिवणटिपण
मग बाहीचा वरचा गोल पण तोच! बाही कापताना तशीच लाट काढतो आम्ही.

वळसा
जवळचा नातेवाईक. हात तिरका खांद्याला मिळतो म्हणून तसा आकार येतो, पण बाहीत पुढचा भाग जास्त खोल कापता ना? साइन दोन्हीकडे सारखी असते. तशी बाही शिवलीत तर गिऱ्हाईक परत येईल.

अंकलिपी
मेणबत्ती केली. घरात होती ती जाड, व्यास दोन सेंटिमीटर. कागद एकच वेढा गुंडाळला. पहिली मेणबत्ती तुटली, दुसरी जमली. उलगडल्यावर ६.३ सेंटिमीटर रुंद आणि वरपासून खालपर्यंत दोन सेंटिमीटर. मुलगी ओरडलीच. पण एक अडचण: आमची लाट शून्यापासून नाही, माथ्यापासून सुरू होते. काही चुकलं का?

पत्रेवाला
काही चुकलं नाही. कागदाची शिवण कुठे आली होती? कापाच्या उंच टोकाला आली असेल. शिवण पाव वेढा फिरवा, मधून सुरू होईल. आम्ही शिवण नेहमी आखूड बाजूला घेतो, वेल्डिंग कमी लागतं.

खडू-फळा
आणि जी तुम्हाला मिळाली ती कोसाइन! मी वर्गात "कोसाइन म्हणजे पाव फेरी पुढे असलेली साइन" असं फळ्यावर लिहायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. मेणबत्तीची शिवण फिरवायची हे सुचलं असतं तर.

फक्त कागद जास्त वेढे गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला कागदाच्या जाडीने घेर वाढतो आणि पुढच्या लाटा किंचित लांब होत जातात.

अंकलिपी
आता मुलीचा प्रश्न, तिनेच टाइप करायला लावलंय. २ साइन x मध्ये लाट दुप्पट उंच होते हे पटतं. मग साइन २x मध्ये दोन आत आहे तर लाट दुप्पट लांब व्हायला हवी. पुस्तकात ती निम्मी का होते?

चकली_पोस्ट
२ साइन x म्हणजे दुप्पट मोठं झाकण. सोप्पं.

खडू-फळा
नाही चकली, त्यात पाय घसरतो. मोठ्या झाकणावर उंचीही दुप्पट आणि चालही दुप्पट, म्हणजे तेच चित्र भिंगातून. २ साइन x मध्ये चाल जुन्याच झाकणाची, उंची तेवढी दुप्पट.

मुलीला सांगा, x म्हणजे आपण कागदावर किती पुढे गेलो. साइन २x मध्ये आपण एक दोरा पुढे सरकलो की मुंगीला दोन दोरे पळवायचं. ती घाईत आहे, म्हणून तिची फेरी ६.२८ ऐवजी ३.१४ मध्येच संपते. उंची मात्र झाकणाएवढीच, ती घाईने वाढत नाही.

पत्रेवाला
२ साइन x माझ्याकडे होईल. नळी तीच, काप जास्त तिरका करायचा.

वळसा
किती तिरका तेही सांगतो. आडव्या सरळ कापापासून मोजला तर ६३ अंश आणि थोडं, म्हणजे एकास दोन चढ. आणि आता मजा बघा. हाच ६३ चा काप निम्म्या जाडीच्या नळीवर घ्या. घेर निम्मा झाला म्हणून लाट ३.१४ मध्ये संपली, आणि एकास दोन चढ असूनही नळी निम्मी म्हणून उंची १ वरच थांबली. ती साइन २x. दोन्ही लाटा सुरुवातीला सारख्याच उभ्या चढतात.

अंकलिपी
मुलगी बारीक मेणबत्ती शोधायला गेली आहे. देवघरातली उचलली तर मी जबाबदार नाही. लाल रेघेखाली तिने नवीन ग्राफ काढून चिकटवलाय, शेजारी उलगडलेला कागदही. सर काय म्हणतात ते सोमवारी कळवते.

पत्रेवाला
ताई, सुरी जरा गरम करून घ्या. थंड सुरीने बारीक मेणबत्ती ६३ ला हमखास तुटते.